खोटं बोलतो, की त्याला कळतच नाही?

जून महिना उजाडला, बालवाडी आणि ज्युनिअर केजीचे वर्ग भरू लागले, की पालकांकडून दोन तक्रारी आमच्या कानावर हमखास येतात. पहिली अशी : "टीचर, हा आत्तापासूनच खोटं बोलायला लागलाय. तोंडावर खोटं बोलतो." आणि दुसरी : "हिला कितीही समजवा, दुसऱ्याचा विचार म्हणून करत नाही. फक्त स्वतःचंच खरं." मूल असतं तीन किंवा साडेतीन वर्षांचं. तक्रार करणारी अम्मी थकलेली असते, आणि मागे उभ्या असलेल्या दादीचं मत ठरलेलं असतं की तरबियत कमी पडते आहे.

तरबियत महत्त्वाची आहे, यात वाद नाही. पण ती कुठून सुरू करायची हे ठरवण्याआधी त्या वयाच्या मुलाच्या मनात नेमकं काय घडू शकतं आणि काय घडू शकत नाही, हे पाहायला हवं. मानसशास्त्रज्ञांनी यासाठी एक अगदी साधा खेळ शोधून काढला आहे. दोन बाहुल्या, एक टोपली आणि एक डबा एवढंच सामान त्याला लागतं. गेली चाळीसहून अधिक वर्षं हा खेळ जगभरातल्या मुलांबरोबर खेळला जात आहे. या महिन्यात त्याचीच हकिगत सांगतो.

सनाची बांगडी

मूळ खेळ १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोन ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्यांच्या गोष्टीत मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो आणि त्याच्या पाठीमागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये हीच गोष्ट बाहुल्यांवर बसवली गेली. आपण ती आपल्या घरातल्या वस्तूंनी मांडू.

एक बाहुली सना, दुसरी झोया. सनासमोर टोपली, झोयासमोर झाकणाचा डबा. सना आपली लाल बांगडी टोपलीत ठेवते, वर कापड टाकते आणि बाहेर खेळायला जाते. बाहुली खरोखर खोलीबाहेर न्यायची किंवा ओढणीखाली झाकायची. ती गेल्यावर झोया बांगडी टोपलीतून काढते, डब्यात ठेवते आणि झाकण लावते. मग सना परत येते. आता मुलाला विचारायचं : "सनाला तिची बांगडी हवी आहे. सना सगळ्यात आधी कुठे बघेल?"

यानंतर आणखी दोन प्रश्न विचारायचे, आणि ते कधी गाळायचे नाहीत. "बांगडी आत्ता खरोखर कुठे आहे?" आणि "सनाने सुरुवातीला ती कुठे ठेवली होती?" मुलाला या दोन्हींची बरोबर उत्तरं देता आली, तरच पहिल्या उत्तराला अर्थ आहे. नाहीतर मूल गोष्टच विसरलं असेल किंवा त्याचं लक्ष पंख्याकडे असेल, आणि आपण त्याच्या मनाविषयी भलतेच निष्कर्ष काढू.

केबिन रोडवरच्या आमच्या इमारतीत शेजारच्या मुलांबरोबर, त्यांच्या आयांना समोर बसवून, आम्ही हा खेळ अनेकदा खेळलो आहोत. साडेतीन वर्षांच्या एका मुलीने क्षणाचाही विचार न करता डब्याकडे बोट दाखवलं. सनाने बांगडी कुठे ठेवली होती? टोपलीत. आत्ता कुठे आहे? डब्यात. मग सना आधी कुठे बघेल? डब्यात! गोष्टीतलं तिला सगळं आठवत होतं, तरी उत्तर तेच. तिच्या शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या भावाला राहवलं नाही. तो म्हणाला, "अरे, उसको थोड़ी मालूम है! टोकरी में देखेगी ना!"

या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजेच आजचा विषय. समोरच्या माणसाच्या डोक्यात त्याची स्वतःची अशी समजूत असते, ती आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, चुकीचीही असू शकते, आणि तो माणूस त्या समजुतीप्रमाणेच वागतो, हे भावाला कळलं आहे. बहिणीला अजून कळलेलं नाही. शास्त्रज्ञ या समजेला 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात. आपण सोपेपणासाठी तिला 'मनाची जाण' म्हणू.

लहान मूल इथे अंदाजाने, कधी हे तर कधी ते, असं उत्तर देत नाही, हेही लक्षात घ्या. ते ठामपणे चुकतं. त्याच्या लेखी बांगडी डब्यात आहे, म्हणजे ती डब्यातच शोधली जाणार. जग जसं आहे तसंच ते सगळ्यांना दिसतं, असा त्याचा हिशेब असतो. २००१ साली हेन्री वेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १७८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले. अडीच वर्षांची मुलं पाचात चारपेक्षा जास्त वेळा चुकत होती. साधारण तीन वर्षं आठ महिन्यांच्या सुमारास बरोबर आणि चूक निम्मी निम्मी झाली. त्यानंतर बरोबर उत्तरं वाढत गेली. देशादेशांत काही महिन्यांचा फरक पडला, पण वाट सगळीकडे तीच होती.

हे फक्त गोऱ्या मुलांचं असेल, अशी शंका कुणालाही येईल. २००५ साली तारा कॅलहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, कॅनडा, पेरू, सामोआ आणि थायलंड अशा पाच देशांतल्या मुलांबरोबर एकाच पद्धतीने हा खेळ घेतला. त्यात बाहुल्या नव्हत्या, खरी माणसं होती. एक बाई वाडग्याखाली खेळणं लपवून बाहेर जाते. दुसरी मुलालाच सांगते, चल, आपण ते दुसऱ्या वाडग्याखाली ठेवून तिची गंमत करू. मग विचारते, ती आल्यावर कुठला वाडगा उचलेल? मुलाने स्वतःच्या हाताने जागा बदलली होती, तरीही पाचही देशांत तीन वर्षांची बहुतेक मुलं चुकली आणि पाच वर्षांची बहुतेक मुलं बरोबर आली.

चुकीचीच समजूत कशासाठी?

मनाची जाण तपासायला चुकीच्या समजुतीचीच गोष्ट का घ्यायची, असा प्रश्न पडू शकतो. समजा, झोयाने बांगडी हलवलीच नाही. मग मूल म्हणेल, "टोपलीत बघेल," आणि ते बरोबरही असेल. पण हे उत्तर त्याने सनाच्या मनाचा विचार करून दिलं, की बांगडी कुठे आहे एवढंच पाहून दिलं, हे आपल्याला कळणार नाही. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. बांगडी हलवली की वाटा फुटतात. जगाकडे पाहणारं मूल डबा म्हणेल आणि सनाच्या मनाकडे पाहणारं मूल टोपली म्हणेल. १९७८ साली चिंपांझींना दुसऱ्याचं मन कळतं का, या प्रश्नावर चर्चा सुरू झाली. तेव्हा डॅनियल डेनेट यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी ही अडचण दाखवून दिली, आणि त्यातूनच पुढे मुलांचा खेळ तयार झाला.

"मी पेन्सिलच म्हटलं होतं"

आता दुसरा खेळ. खोटेपणाच्या तक्रारीशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

जेम्सच्या गोळ्यांची बंद डबी मुलाला दाखवा आणि विचारा, यात काय आहे? मूल म्हणेल, गोळ्या. डबी उघडा. आत तुम्ही आधीच घालून ठेवलेले पेन्सिलीचे तुकडे निघतील. मूल हिरमुसतं. डबी बंद करा आणि विचारा : "तुझ्या आपाने ही डबी अजून पाहिली नाही. तिला दाखवली तर ती काय म्हणेल, आत काय आहे?" तीन वर्षांचं मूल म्हणतं, "पेन्सिल." इथवर सनाच्या गोष्टीसारखंच आहे. हा खेळ पेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडला.

पुढच्या वर्षी अ‍ॅलिसन गॉपनिक आणि जॅनेट अ‍ॅस्टिंग्टन यांनी मुलांना त्यांच्या स्वतःबद्दल विचारलं : "डबी उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं, आत काय आहे?" मिनिटभरापूर्वी "गोळ्या" म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या अनेक मुलांनी उत्तर दिलं, "पेन्सिल."

हे उत्तर घरात ऐकलं तर आपण काय म्हणू? "आत्ता तर गोळ्या म्हणालास! तोंडावर खोटं बोलतोस?" पण ते मूल खोटं बोलत नाही. खोटं बोलायचं तर आपल्याला काय वाटलं होतं हे आधी माहीत हवं आणि ते लपवायचं आहे हे ठरवायला हवं. या मुलाची अडचण त्याआधीचीच आहे. आपल्याला मघाशी काही चुकीचं वाटलं होतं, ही गोष्टच त्याच्या मनात बसत नाही. खरं एकदा कळलं, की ते पहिल्यापासून तसंच होतं, असं त्याला वाटतं. दुसऱ्याचं मन जसं त्याला दिसत नाही, तसं स्वतःचं कालचं मनही दिसत नाही. वेलमन यांच्या त्या मोठ्या आढाव्यातही स्वतःच्या जुन्या समजुतीचा प्रश्न आणि दुसऱ्याच्या समजुतीचा प्रश्न मुलांना सारखेच अवघड जातात, असं आढळलं.

म्हणून साडेतीन वर्षांचं मूल "मला माहीतच होतं," "मी असंच म्हटलं होतं," असं म्हणालं, तर त्यावर शिक्षा करणं म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा करणं आहे. फोनवर "खेळतोयस का?" असं नानीने विचारल्यावर मूल नुसती मान हलवतं आणि नानी तिकडे "अरे बोल ना" म्हणत राहते, तेही याच जातीचं आहे. आपली मान तिला दिसत नाही, हे त्या क्षणी त्याच्या लक्षात येत नाही. त्यात बेअदबी काही नाही.

घरी हा खेळ करताना कुठे फसायला होतं

हे वाचून अनेक घरांत आजच बाहुल्या निघतील, आणि तीन ठिकाणी हमखास गडबड होईल. ती ओळखता आली पाहिजे.

पहिली गडबड डबीची. गोळ्यांच्या डबीचा खेळ तेव्हाच चालतो, जेव्हा डबी पाहून कुणालाही एकच गोष्ट सुचते. आपल्या घरांत बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात सुई-दोरा असतो आणि फ्रीझरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात खिमा, हे मुलांना जन्मापासून ठाऊक असतं. असा डबा घेतला तर मूल पहिल्याच प्रश्नाला "सुई-दोरा" म्हणेल आणि खेळ तिथेच संपेल. मुलाने पहिल्याच फटक्यात ठाम उत्तर दिलं, तरच पुढे जायचं.

दुसरी गडबड प्रश्नाच्या शब्दांची. "सना बांगडी कुठे शोधेल?" असं नुसतं विचारलं, तर लहान मुलाला ते "सनाला बांगडी मिळायची तर तिने कुठे बघावं?" असं ऐकू येऊ शकतं. सनाला मदत करण्याच्या भाबडेपणाने ते डबा दाखवतं. मायकेल सीगल आणि कॅरेन बीटी यांनी १९९१ मध्ये दाखवलं की "सगळ्यात आधी कुठे बघेल" असं विचारलं, तर तीन वर्षांची बरीच जास्त मुलं बरोबर उत्तर देतात. म्हणून वर आम्ही 'सगळ्यात आधी' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. तसंच सना आणि झोया दोघींना 'ती' म्हणत राहू नका. दर वेळी नाव घ्या, नाहीतर कुठली 'ती' हे मुलाला कळत नाही.

तिसरी गडबड भाषेची, आणि आमच्या भागात ती सगळ्यात मोठी आहे. केबिन रोडवरचं मूल घरात उर्दू किंवा बंबइया हिंदी बोलतं, कुठे नानीकडून कोकणी बोली ऐकतं, आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी. एका मुलाने मराठीत विचारल्यावर डबा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खालाने घरच्या भाषेत विचारलं तेव्हा टोपली दाखवली. एका रात्रीत मनाची जाण येत नाही. पहिल्या दिवशी आपण मराठी तपासत होतो, मन नव्हे. मुलाची खरी समज पाहायची तर प्रश्न त्याच्या घरच्या भाषेतच हवा.

याच संदर्भात शब्दांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठीत "मला वाटतं तो गेला" म्हटलं, तर तो गेला असेल किंवा नसेल. पण "मला वाटलं तू गेलास" म्हटलं, की लगेच कळतं, माझी समजूत चुकली होती. उर्दूत "मैं समझी तुम चले गए" म्हणताना तेच होतं. तुर्की आणि चिनी भाषांत तर चुकीच्या समजुतीसाठी वेगळं क्रियापदच आहे, आणि प्रश्नात ते वापरलं की मुलांची उत्तरं सुधारतात, असं संशोधनात दिसलं. पण ते शब्द नसलेल्या प्रश्नांत त्या भाषांची मुलं इतरांच्या फारशी पुढे नव्हती. म्हणजे शब्दाने वाट सोपी होते, पण चालावं मुलालाच लागतं.

या सगळ्या काळजीनंतरही शास्त्रज्ञांत एक वाद शिल्लक आहे. काही जण म्हणतात, लहान मुलाला सनाचं मन कळतं, पण स्वतःला माहीत असलेलं उत्तर दाबून ठेवता येत नाही, म्हणून बोट डब्याकडे जातं. २००५ साली पंधरा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला. चुकीची समजूत असलेल्या बाईने खऱ्या जागी हात घातला, तर बाळं जास्त वेळ टक लावून पाहत होती, जणू त्यांना आश्चर्य वाटलं. पण नंतर असे प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा ते कधी जमले, कधी नाही. नजरेत काही असो, ती समज बोलण्यात आणि वागण्यात वापरता येणं चौथ्या-पाचव्या वर्षीच दिसतं. घरात आणि वर्गात आपला संबंध त्याच्याशीच येतो.

मग खोटं सुरू कधी होतं?

खरं खोटं म्हणजे समोरच्याच्या मनात मुद्दाम चुकीची समजूत बसवणं. सनाचं मन ज्याला कळतं, त्यालाच हे नीट जमणार. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २००२ मध्ये याचा अभ्यास केला. मुलाला पाठमोरं बसवायचं, मागे एक खेळणं ठेवायचं, "वळून बघू नकोस" असं सांगायचं आणि बाहेर जायचं. लपवलेल्या कॅमेऱ्यात दिसलं की बहुतेक मुलं वळून बघतात. परत येऊन "बघितलंस का?" असं विचारलं, तेव्हा तीन वर्षांच्या मुलांतल्या साधारण निम्म्यांनी सरळ "हो" म्हटलं. त्याहून मोठी बहुतेक मुलं "नाही" म्हणाली.

पुढचा प्रश्न होता, "मग ते खेळणं काय असेल, ओळख बघू." नुकतंच "बघितलं नाही" म्हणालेल्या लहान मुलांनी पटकन खेळण्याचं नाव सांगून टाकलं! आपल्याला नाव माहीत आहे हे दिसलं, की आपण बघितलं हेही समोरच्याला कळेल, इथवर त्यांचा विचार पोचत नाही. सहा-सात वर्षांची मुलं मात्र सावध होती. त्यातली काही "मला नाही माहीत" म्हणाली. "अम्मीला काय वाटतंय की मला काय माहीत आहे," असा दुहेरी विचार या वयात येऊ लागतो, आणि खोटं टिकवायला तोच लागतो.

म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा ठरवून खोटं सांगितलं, तर त्याची मनाची जाण जागी झाली आहे, एवढंही त्यातून कळतं. खोटं चांगलं, असा याचा अर्थ नाही. याचा अर्थ असा, की खरं-खोटं शिकवायची योग्य वेळ आता आली आहे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला दिलेला सच्चाईचा धडा त्याच्या डोक्यावरून जात होता. आता तो पोचू शकतो.

कसा पोचवायचा, याबद्दल तलवार आणि ली यांचाच २०११ मधला अभ्यास पाहा. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर त्यांनी हाच खेळ खेळला. एका शाळेत छडी आणि चापट रोजची होती, दुसऱ्या शाळेत नव्हती. छडीच्या शाळेतल्या मुलांनी जास्त प्रमाणात खोटं सांगितलं, आणि ते जास्त सफाईने निभावलंही. मार खाणारं मूल सच्चाई शिकलं नाही, लपवणं लवकर शिकलं.

यातून घरात एक सवय बदलता येते. कप कुणी फोडला हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असताना "कुणी फोडला? खरं सांग!" असा सापळा लावू नये. तो प्रश्न मुलाला खोटं बोलायची संधी देतो, आणि मग आपण त्या खोट्याची शिक्षा करतो. "कप तुझ्या हातून पडला, मी पाहिलं. चल, आधी काचा उचलू," असं म्हटलं तर खोट्याला जागाच उरत नाही.

ही जाण कशावर पोसते?

सगळी मुलं एकाच दिवशी या टप्प्यावर पोचत नाहीत. एक फरक भावंडांनी पडतो. १९९४ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात जास्त भावंडं असलेली मुलं हा खेळ लवकर सोडवताना दिसली. भावाला फसवायचं, त्याच्यापासून खाऊ लपवायचा, तो का रुसला हे ओळखायचं, या रोजच्या धडपडीत दुसऱ्याचं मन शिकलं जातं. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आला नाही, म्हणून एकुलत्या मुलाच्या आईने घाबरायचं कारण नाही.

दुसरा फरक बोलण्याने पडतो, आणि तो आपल्या हातात आहे. ज्या घरांत आया मुलांशी बोलताना 'वाटलं', 'समजलं', 'आठवलं', 'माहीत नव्हतं' असे मनाचे शब्द जास्त वापरतात, तिथली मुलं पुढे हा खेळ लवकर सोडवतात. इंग्लंडमध्ये टेड रफमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आई-मुलांचं बोलणं अनेक महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासलं. आईचं आधीचं बोलणं मुलाच्या नंतरच्या समजेशी जोडलेलं होतं, पण मुलाच्या आधीच्या समजेचा आईच्या नंतरच्या बोलण्याशी तसा संबंध दिसला नाही.

"फुफीला बस मिळाली नाही, म्हणून ती आली नाही," यात मन नाही. "फुफीला वाटलं आपण घरी नाही, म्हणून ती आली नाही. तिला माहीतच नव्हतं," यात मन आहे. गोष्ट सांगताना "मग कोल्हा तिथे गेला" एवढ्यावर थांबू नका. "कोल्ह्याला काय वाटलं? खरं काय होतं?" असं मध्येच विचारा.

काळजी कधी करावी?

चार वर्षांचं मूल घरी या खेळात चुकलं, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. भूक, झोप, लाज, भाषा, नाहीतर आपल्या प्रश्नातली चूक, काहीही कारण असू शकतं. हा खेळ म्हणजे कुठल्याही आजाराची तपासणी नव्हे. तरीही दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली ऑटिझमची. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा खेळ तीन गटांबरोबर घेतला. साधारण साडेचार वर्षांच्या २७ मुलांपैकी २३ बरोबर आली. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ बरोबर आली. पण वयाने बारा वर्षांच्या आसपास असलेल्या २० ऑटिस्टिक मुलांपैकी फक्त ४ बरोबर आली, तीही त्यांची बुद्धिमत्ता डाउन सिंड्रोमच्या मुलांपेक्षा कमी नसताना. म्हणजे हुशारी आणि मनाची जाण या वेगळ्या गोष्टी आहेत. पण उलटा निष्कर्ष काढू नये. त्या चौघांनी खेळ सोडवला म्हणून त्यांचा ऑटिझम गेला नाही, आणि खेळ चुकणाऱ्या प्रत्येक मुलाला ऑटिझम नसतो. ऑटिझमची शंका घेण्यासाठी चार वर्षं थांबायचंही नसतं. दीड वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, आवडलेली वस्तू बोटाने दाखवून "बघ" असं सुचवत नसेल, नजरेला नजर फारशी देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं.

दुसरी गोष्ट ऐकण्याची, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. ऑस्ट्रेलियात १९९५ साली कँडिडा पीटरसन आणि मायकेल सीगल यांनी ऐकू येणाऱ्या कुटुंबांत वाढलेल्या आठ ते तेरा वर्षांच्या कर्णबधिर मुलांना हाच खेळ दिला. निम्म्याहून जास्त मुलं चुकली. त्यांच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. घरात त्यांच्याशी "हे घे, तिकडे ठेव, इकडे ये" एवढंच बोलणं होत होतं. कुणाला काय वाटलं, कोण का रुसलं, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. उलट, ज्यांचे आई-वडील स्वतः कर्णबधिर होते आणि घरात पहिल्या दिवसापासून खुणांची भाषा होती, ती मुलं इतर मुलांइतक्याच वयात ही जाण मिळवताना पुढच्या अभ्यासांत दिसली. खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही, या भीतीने काही घरांत मुलाला कुठलीच पूर्ण भाषा मिळत नाही. त्याचं नुकसान या आकड्यांत दिसतं.

म्हणून मूल दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर "याचे अब्बूही उशिरा बोलले होते" असं म्हणत थांबू नका. कानांची तपासणी करून घ्या. अंगणवाडीत विचारलं तरी सरकारी तपासणीची वाट कळते. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. आमच्या भाईंदरहून चर्चगेटची लोकल धरली की तिथवर एकाच गाडीत जाता येतं. ऐकू कमी येतं हे जितक्या लवकर कळेल, तितक्या लवकर त्या मुलाला एक पूर्ण भाषा मिळेल, बोलीची असो वा खुणांची, आणि सनाला काय वाटलं असेल हे त्याला सांगणारं कुणी घरात असेल.